लग्नाच्या शूटिंगमध्ये कॉलर माइक: तुटणारा आवाज आणि शेरवानीतली खरखर

प्रश्न: लग्नात गुरुजी आणि नवरदेवाला वायरलेस कॉलर माइक लावतो. मधेच आवाज तुटतो, मंगलाष्टकांना फाटतो आणि शेरवानीत लपवला की खरखर येते. काय करू?

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक बघा.

आवाज तुटण्याचं आधी. छोट्या डबीत येणाऱ्या जोड्या बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हॉलचं वायफाय आणि पाहुण्यांच्या खिशातलं ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतं, आणि माणसाचं शरीर ही फ्रिक्वेन्सी शोषून घेतं. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये टेस्ट झकास होते आणि मुहूर्ताला स्टेजभोवती नातेवाइकांचा गराडा पडला की आवाज गायब, तो यामुळेच. ट्रान्समीटर नवरदेवाच्या पाठीला लावला असेल आणि कॅमेरा समोर असेल, तर पहिला अडथळा नवरदेवच. ट्रान्समीटर त्याच्या अंगावर कॅमेऱ्याकडच्या बाजूला घ्या आणि रिसीव्हर डोक्यांच्या वर येईल असा स्टँडवर चढवा. एलईडी वॉलपासूनही तो लांब ठेवा, कारण वॉलचा स्वतःचा रेडिओ गोंगाट असतो. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती सुरू ठेवाच. हवेत तुटलेला आवाज तिथे शाबूत मिळतो.

यूएचएफ सेट असेल तर आधी हॉलच्या साउंडवाल्याकडे त्याच्या माइकच्या फ्रिक्वेन्सी मागा. मग आपले ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरवरचे सिग्नलचे दांडे बघा. दांडे दिसले तर त्या जागी दुसरं कोणीतरी बसलेलं आहे. तीन माइक लावणार असाल तर समान अंतर ठेवू नका. ५२०.०, ५२०.४ आणि ५२०.८ मेगाहर्ट्झ लावलेत, तर पहिले दोन मिळून तिसऱ्यावरच भूत उभं करतात (५२०.४ ची दुप्पट वजा ५२०.० म्हणजे बरोबर ५२०.८). तिसरा ५२१.१ ला नेला की ही भानगड मिटते.

आता फाटणं. गुरुजी विधी पुटपुटत सांगतात आणि मंगलाष्टकांना सूर लावतात. तुम्ही गेन पुटपुटण्यावर लावत असणार. त्यांना आधीच विनंती करा, ‘गुरुजी, एकदा “शुभमंगल सावधान” म्हणा, अगदी तेवढ्याच जोरात.’ त्या आवाजाला ट्रान्समीटरचा मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद करा आणि तिथली लेव्हल अगदी खाली ठेवा. पुष्कळ जण आवाज फाटला की कॅमेऱ्यावर लेव्हल कमी करतात, पण ट्रान्समीटरमध्ये फाटलेला आवाज पुढे कितीही बारीक केला तरी फाटलेलाच राहतो. एडिटिंगमध्ये लाट बुटकी दिसते पण माथा सपाट कापलेला असेल, तर दोष ट्रान्समीटरच्या गेनचा.

खरखरीला मात्र हाताची कला लागते. हेडफोन लावा आणि शेरवानी माइकवर बोटाने दाबून धरा. खरखर थांबली तर कापड माइकला घासतंय. थांबली नाही तर कापडावर कापड घासतंय आणि माइक ते नुसतं ऐकतोय. मग जागा बदलण्यावाचून इलाज नाही. जरीकाम आणि कडक अस्तर यात सगळ्यात वाईट.

घासण्यावर उपाय असा. केमिस्टकडची कापडी चिकटपट्टी घ्या, साधारण दोन इंच. चिकट बाजू बाहेर ठेवून समोशासारखी त्रिकोणी घडी करा. अशा दोन घड्यांमध्ये माइक बसवा, टोकाची जाळी उघडी ठेवा. एक बाजू आतल्या बनियनला चिकटवा, दुसरी शेरवानीच्या आतून. आता दोन्ही कापडं माइकसकट एकत्र हलतात, घासायला काही उरत नाही. जागा छातीच्या मधोमध, हनुवटीपासून वीतभर खाली. माइकखाली वायरीचा एक सैल वेढा घालून तोही चिकटवा, नाहीतर वायरीला बसणारा प्रत्येक हिसका ‘ठक’ असा ऐकू येतो. मग नवरदेवाला नमस्कार करायला, वाकायला आणि मान वळवायला लावा. नुसतं ‘हॅलो हॅलो’ म्हणून यातलं काहीच कळत नाही. कापडाखाली आवाज थोडा दबतो. एडिटिंगमध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल वाढवलं की तो मोकळा होतो.

गुरुजींचा माइक लपवण्याचा अट्टहास कशाला? उघड्या अंगावर होमाच्या घामाने पट्टी सुटते. सरळ उपरण्याच्या काठाला क्लिप लावा, कोणाला खटकत नाही.

आणि एकदा हार गळ्यात पडले की नवरदेवाचा माइक बाद समजा. फुलं त्यावर घासत राहतात आणि तिथे कुठलीच पट्टी चालत नाही. तिथून पुढचं गुरुजींच्या माइकवरून घ्या.