रसवंतीतल्या बर्फाने पोट बिघडतं का?

प्रश्न: सीबीएसजवळच्या गाडीवर उसाचा रस पितो. पाणी गोठलं की त्यातले जंतू मरतात ना? मग बर्फ चालेल?

उत्तर: नाही, मरत नाहीत. काही जिवाणू कमी होतात, पण टायफॉइडचे जिवाणू आणि काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू गोठूनही तग धरतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. मारते ती उकळी. लिंबू पिळल्यानेही दोन मिनिटांत काही होत नाही.

गाडीवरची मोठी लादी बहुधा माल थंड ठेवण्यासाठी बनवलेली असते. न पिण्याच्या पाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून 2018 पासून त्यात निळा रंग टाकण्याचा नियम आहे. पण पांढरा दिसला म्हणजे खाण्याचाच, असं समजू नका. शिवाय चांगल्या पाण्याची लादीही गोणपाटावर फोडली, फुटपाथवर ठेवली की संपलंच.

नुसतं "बर्फ नको" म्हणून भागत नाही, कारण रस अनेकदा आधीच बर्फ टाकलेल्या भांड्यात गाळतात. ऊस चरकात घालण्याआधीच सांगा आणि रस थेट ग्लासात घ्या. ग्लास कुठल्या बादलीत विसळतात, तेही बघाच!