इंडक्शन की गॅस : महिन्याचा खर्च तुमच्या वीजबिलाच्या स्लॅबवर ठरतो

प्रश्न : घरात चार माणसं, दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक. सिलिंडर साधारण 45 दिवस जातो. महावितरणचं बिल दरमहा 140 युनिटच्या आसपास. इंडक्शन घेतलं तर महिन्याला खरंच पैसे वाचतील का? सगळे म्हणतात ते जास्त कार्यक्षम असतं.

उत्तर :

तुमच्या आकड्यांवर पैसे वाचणार नाहीत. उलट सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर महिन्याला पाचशेच्या वर जास्त जातील. इंडक्शन जास्त कार्यक्षम असतं हे मात्र खरं आहे. घोळ होतो तो कार्यक्षमता आणि रुपये एकच समजल्यामुळे.

आधी एक सिलिंडर म्हणजे किती युनिट वीज, ते काढू. एक किलो एलपीजी जळाला की जवळपास 12.8 युनिट इतकी उष्णता मिळते. ती सगळी भांड्यात जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी लागते, पण ती मोजतात प्रयोगशाळेत, ठरलेल्या भांड्यावर. घरी ज्योत भांड्याच्या कडेने बाहेर येते, खिडकीतून वारा येतो, म्हणून 60 टक्के धरणं रास्त. इंडक्शनचं बरं भांडं असेल तर 82 टक्के धरू. या हिशेबाने एक किलो गॅसचं काम करायला साडेनऊच्या आतबाहेर युनिट लागतात आणि 14.2 किलोच्या अख्ख्या सिलिंडरचं काम करायला सुमारे 133 युनिट.

हा 133 आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळं यावरून निघतं. सिलिंडरच्या किमतीला 133 ने भागलं की जो दर येतो, त्याहून स्वस्त युनिट मिळत असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. एप्रिल 2025 मधल्या वाढीनंतर मुंबईत सिलिंडर 852 रुपये 50 पैशांना झाला. त्याला 133 ने भागलं तर 6 रुपये 40 पैसे येतात. आज तुमच्या पावतीवर जी किंमत असेल ती घालून हाच भागाकार करा.

आता युनिटचा दर, आणि बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असं करून लोक दर काढतात. तुमच्या बाबतीत तो सव्वानऊच्या आसपास येईल, पण इंडक्शनसाठी तो दर लागूच नाही. घरगुती बिल टप्प्याटप्प्याने लागतं : पहिली 100 युनिट एका दराने, 101 ते 300 त्याहून बऱ्याच चढ्या दराने, पुढे 301 ते 500 आणखी वर. तुमचे दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही यांनी 140 युनिट आधीच वापरली आहेत. इंडक्शनचं प्रत्येक युनिट त्याच्या वर चढतं, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत 101–300 च्या टप्प्यात पडतं. स्वस्त 100 युनिट त्याच्या वाट्याला येतच नाहीत.

हा टप्प्याचा दर काढायला बिलाच्या मागची बाजू किंवा दरपत्रक पाहा. त्या टप्प्याचा वीज आकार घ्या, त्यात प्रतियुनिट वहन आकार मिळवा, इंधन समायोजन आकार लागला असेल तर तोही मिळवा, आणि या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क चढवा. स्थिर आकार धरू नका, इंडक्शन असो वा नसो, तो द्यावाच लागतो. पुढच्या उदाहरणासाठी मी सगळं धरून पहिल्या टप्प्याला साडेसहा रुपये आणि दुसऱ्याला साडेबारा रुपये असे गोळाबेरीज दर घेतो. तुम्ही स्वतःच्या बिलातले घाला.

तुमचा सिलिंडर 45 दिवस जातो, म्हणजे 30 दिवसांत सुमारे साडेनऊ किलो गॅस. किलोमागे 60 रुपये धरले तर 570 रुपये. हेच काम इंडक्शनवर करायला 88-89 युनिट लागतील, साडेबाराच्या दराने सुमारे 1,110 रुपये. फरक 540 रुपयांचा, आणि तो गॅसच्या बाजूने.

आता दुसरं घर घ्या, जिथे महिन्याला फक्त 40 युनिट जळतात. तिथे पहिली 60 युनिट साडेसहाच्या दराने मिळतील, म्हणजे 390 रुपये. त्या 60 युनिटांनी जेवढा गॅस वाचतो, साधारण 6.4 किलो, त्याची किंमत 385 रुपये. बरोबरीत सुटलं. उरलेली 28-29 युनिट मात्र दुसऱ्या टप्प्यात जातात आणि तिथे पुन्हा तोटा सुरू होतो. म्हणून कमी वापराच्या घरात बिल 100 युनिटच्या आत राहील एवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करणं शहाणपणाचं. उन्हाळ्यात कूलर किंवा एसी लागतो त्या महिन्यांत ही जागा शिल्लक राहत नाही. ज्यांचं बिल आधीच 290 युनिटवर आहे त्यांची इंडक्शनची बहुतेक युनिट 301 च्या पुढे जातात, तिथे खर्च आणखी वाढतो.

उज्ज्वला योजनेत 300 रुपये अनुदान मिळत असेल तर सिलिंडर साडेपाचशेच्या आसपास पडतो आणि बरोबरीचा दर चार रुपयांच्या थोडा वर येतो. महावितरणच्या नेहमीच्या घरगुती दरांत तेवढी स्वस्त वीज मिळत नाही, विषय तिथेच संपतो. गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथले घरगुती दर इथल्यापेक्षा बरेच कमी असल्यामुळे हाच भागाकार अनेक घरांत इंडक्शनच्या बाजूने जातो. पाइपच्या गॅसचा हिशेब करायचा असेल तर एक एससीएम, म्हणजे एक घनमीटर गॅस, सुमारे 7 युनिटांचं काम करतो असं धरा आणि बिलावरच्या दराला 7 ने भागा.

छतावर सोलर आणि नेट मीटरिंग असेल तर मात्र माझं उत्तर उलटं होतं. वर्षअखेरीस युनिट शिल्लक राहत असतील आणि त्यांचे अगदी कमी दराने पैसे मिळत असतील, तर तुमच्यासाठी इंडक्शनच्या युनिटची खरी किंमत तो कमी दरच. तिथे गॅस जाळत बसणं तोट्याचं. वेळेनुसार दर लावणारं स्मार्ट टीओडी मीटर असलेल्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत मिळते, पण तेवढ्याने साडेबाराचे साडेसहा होत नाहीत.

माझे 60 आणि 82 टक्के मानायचे नसतील तर घरी मोजून बघा. झाकण असलेल्या भांड्यात दोन लिटर साधं पाणी उकळी येईपर्यंत तापवा. इंडक्शनला प्लगमध्ये बसवायचं छोटं मीटर लावलं तर 0.2 युनिटच्या थोडं वर रीडिंग दिसायला हवं. ते मीटर नसेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून वीज मीटरवरचा लाल दिवा मोजा. मीटरवर `3200 imp/kWh` लिहिलं असेल तर 3200 लुकलुकी म्हणजे एक युनिट. 1200 वॉटवर मिनिटाला 64 लुकलुकी पडतात. गॅसवर हेच पाणी तापवायला 22 ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. एवढं घरच्या काट्यावर कळणार नाही, म्हणून सिलिंडर लावल्याची आणि संपल्याची तारीख लिहून ठेवणं हीच खरी मोजणी. पाण्याला 0.25 च्या वर युनिट लागली तर भांड्यात दोष समजा : बूड फुगलेलं आहे किंवा चुंबक त्याला नीट चिकटत नाही.

उलट प्रकारही होतो. छोट्या पातेल्यात दोन कप चहा आणि खाली मोठा बर्नर पूर्ण उघडा, अशा वेळी निम्म्याहून जास्त उष्णता पातेल्याच्या बाजूने वर निघून जाते. बर्नरची भोकं बुजली असतील तर ज्योत पिवळी होते आणि भांड्याचं बूड काळं पडतं. गॅस 45 टक्क्यांवर आला तर बरोबरीचा दर साडेआठ रुपयांपर्यंत चढतो. तुमच्या साडेबारापुढे तेही कमीच आहे, पण बर्नर साफ करून लहान भांडं लहान बर्नरवर ठेवलंत तर जो गॅस वाचेल तो फुकटात वाचेल. कुकरला पहिली शिटी झाली की आच मंद करणं, हेही तसंच.

तरीही सोयीसाठी इंडक्शन घेणार असाल, सिलिंडर अचानक संपतो तेव्हा ते कामाला येतंच, तर कोणतं काम त्यावर न्यायचं ते ठरवून ठेवा. पाणी, दूध, चहा, डाळ-भाताचा कुकर, बटाटे-अंडी उकडणं यांत ते उत्तम. दूध मंद ठेवताना एक सांभाळा : स्वस्त मॉडेल 300 वॉटवर खरोखर मंद चालत नाहीत. काही सेकंद जोरात चालून काही सेकंद बंद होतात, त्यामुळे खीर किंवा बासुंदी तळाला लागते. भाकरी आणि पोळी गॅसवरच ठेवा. घरगुती इंडक्शनची कॉइल तव्यापेक्षा लहान असते, भाकरी मध्ये करपते आणि कडा कच्च्या राहतात. फुलका ज्योतीवर फुगवायचा आणि वांगं भाजायचं तर प्रश्नच नाही. दोन्ही ठेवण्याचा वेगळा भुर्दंड नाही, कारण सिलिंडरच्या जोडणीला महिन्याचा स्थिर आकार नसतो.

भांड्यांचा खर्च मात्र आधीच मोजा. साधा अॅल्युमिनियमचा कुकर आणि हिंडालियमची कढई त्यावर तापतच नाहीत. इंडक्शन बूड असलेला कुकर, एक पातेलं आणि एक कढई एवढं तरी घ्यावं लागेल. आणि 2000 वॉटचं यंत्र पूर्ण जोरात सुमारे 9 अँपिअर ओढतं, म्हणून ते 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. मिक्सरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर पिन लावून चालवलं तर आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिक पिवळं पडतं आणि वितळल्याचा वास येतो. वीस मिनिटं चालल्यावर बंद करून प्लग काढून हाताने बघा. कोमट असला तर चालेल, चटका बसला तर ते सॉकेट वायरमनला दाखवेपर्यंत वापरू नका.