फ्लश ड्रॉवर कॉल करावा का? ३५ टक्के आणि १९ टक्के यांतला घोळ

प्रश्न: मी टेक्सास होल्डेम नुकताच शिकतोय. हातात बदामाची नव्वी आणि अठ्ठी होती. फ्लॉपला बदाम राजा, इस्पिक चौकी, बदाम दुर्री आली. पॉटमध्ये ३०० चिप्स होत्या, समोरच्याने २०० लावल्या. दोघांकडेही अजून भरपूर चिप्स शिल्लक होत्या. एक मित्र म्हणाला, "३५ टक्के चान्स आहे, डोळे झाकून कॉल." दुसरा म्हणाला, "पॉट ऑड्स मिळत नाहीत, फोल्ड." कोणाचं बरोबर?

उत्तर:

तुमच्या पहिल्या मित्राचा आकडा बरोबर आहे, पण तो वेगळ्या परिस्थितीतला आहे. दुसऱ्याचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धवट आहे. दोन्ही आकडे कुठून येतात ते पाहू, म्हणजे पुढच्या वेळी मित्रांना विचारायची वेळ येणार नाही.

आधी भाव, म्हणजे पॉट ऑड्स, काढू. कॉल करायला तुम्हाला २०० द्यायचे आहेत. दिल्यावर पॉट होईल ३०० + २०० + २०० = ७००. त्यात तुमचे २०० म्हणजे साधारण २८.५ टक्के. याचा अर्थ असा की हा डाव शंभर वेळा खेळलात आणि त्यात २८-२९ वेळा जिंकलात, तर पैसे जिथल्या तिथे राहतील. त्याहून जास्त वेळा जिंकलात तर नफा, कमी वेळा जिंकलात तर तोटा. इथे नवीन खेळाडू हमखास एक चूक करतात: स्वतःचे २०० पॉटमध्ये धरायला विसरतात, २०० भागिले ५०० करतात आणि ४० टक्के लागतात असं समजून चांगला हात टाकून देतात. "पाचशेसाठी दोनशे", म्हणजे अडीचास एक, हे गुणोत्तर म्हणून ठीक आहे. टक्के काढताना मात्र शेवटच्या पूर्ण पॉटने भागायचं.

आता आपल्या हातात माल काय आहे ते पाहू. एकाच रंगाची पाच पानं जमली की फ्लश; तुमच्याकडे चार आहेत, पाचव्याची वाट पाहणं म्हणजे फ्लश ड्रॉ. कॅटमध्ये बदामाची १३ पानं. त्यातली चार तुम्हाला दिसतायत, दोन हातात आणि दोन टेबलावर. उरली ९. यातलं कोणतंही आलं की फ्लश पूर्ण, म्हणून हीच तुमची आऊट्स. तुम्ही न पाहिलेली पानं ५२ वजा ५ म्हणजे ४७. समोरच्याच्या हातातली दोन पानंही या ४७ मध्येच धरायची, कारण ती कोणती आहेत हे तुम्हाला माहीत नाही. टर्नला, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या पानाला, बदाम यायची शक्यता ९ भागिले ४७, म्हणजे १९ टक्क्यांच्या आसपास. टर्नला नाही आलं तर रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, ९ भागिले ४६, साडेएकोणीस. आणि दोन्ही पानं मिळून निदान एक बदाम यायची शक्यता ३५ टक्के. मित्राने सांगितलेला आकडा तो हाच.

टेबलावर बसून भागाकार कोणी करत नाही. एकच पान यायचं असेल तर आऊट्स गुणिले दोन, दोन्ही पानं पाहायला मिळणार असतील तर गुणिले चार, एवढं पुरतं. नऊ दुणे अठरा, नऊ चोक छत्तीस. खऱ्या आकड्यांच्या अगदी जवळ. आऊट्स खूप असतील तर चारचा गुणाकार फुगतो: १५ आऊट्सना ६० टक्के येतात, खरे ५४ आहेत. पण तेवढ्या आऊट्स असताना कॉल करावा का हा प्रश्न सहसा पडतच नाही.

तर लागतात २८.५. तुमच्याकडे ३५ आहेत की १९? सगळी गोम इथेच आहे.

३५ टक्के तेव्हाच तुमचे, जेव्हा हे २०० देऊन तुम्हाला टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळणार असतील. म्हणजे समोरच्याने २०० लावून तो ऑल-इन झालाय, किंवा तुमच्याकडेच तेवढ्या उरल्यात. तेव्हा कॉल सरळ आहे: ७०० चे ३५ टक्के २४५, त्यातून तुमचे २०० वजा, सरासरी ४५ चिप्स नफा. यात तीनपैकी जवळजवळ दोन वेळा तुम्ही हरणारच आहात. हरल्यावर कोणी "कशाला कॉल केलास" म्हणालं तर लक्ष देऊ नका.

पण तुमच्या डावात दोघांकडे भरपूर चिप्स होत्या. समजा कॉल केलात आणि टर्नला किलवर सत्ती आली. पॉट आता ७००. ज्याने फ्लॉपला राजावर २०० लावले तो आता गप्प बसेल का? समजा त्याने ४५० लावले. आता तुम्हाला १६०० च्या पॉटसाठी ४५० द्यायचे आहेत, म्हणजे २८ टक्के हवेत, आणि तुमच्याकडे एका पानाचे साडेएकोणीस आहेत. इथे फोल्ड करावंच लागतं. याचा अर्थ फ्लॉपला दिलेल्या २०० मध्ये तुम्ही फक्त टर्नचं पान विकत घेतलं होतं, रिव्हर त्यात नव्हतीच. आणि एका पानाची किंमत ७०० चे १९ टक्के, म्हणजे १३४ च्या आसपास. २०० देऊन १३४ ची वस्तू घेतली, नुकसान ६६. तुमचा दुसरा मित्र म्हणतो ते हेच.

मग निव्वळ एका पानाच्या हिशेबावर किती लावल्यावर कॉल परवडतो? पॉट ३०० असताना साधारण ९० पर्यंत. म्हणजे पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं कमी. अर्धा पॉट लावला तर २५ टक्के लागतात, पूर्ण पॉट लावला तर ३३. हे दोन आकडे पाठ ठेवले की बाकीचे अंदाजाने येतात.

दुसऱ्या मित्राचा हिशेब अर्धवट का म्हटलं, ते आता. तो आजच्या पॉटवर थांबतो. टर्नला बदाम आलं तर डाव तिथे संपत नाही, त्यानंतरही समोरच्याकडून चिप्स मिळू शकतात. यालाच इम्प्लाइड ऑड्स म्हणतात, आणि बरेच लोक याचा उपयोग वाईट कॉलला चांगलं नाव द्यायला करतात. म्हणून आकडा काढा. ४७ पैकी ९ पानं लागतात, ३८ चुकतात. चुकलेल्या ३८ वेळी प्रत्येकी २०० गेले, ते लागलेल्या ९ वेळी भरून निघाले पाहिजेत. ३८ गुणिले २०० भागिले ९ म्हणजे साधारण ८४५. पॉटमधले ५०० मिळणारच आहेत. उरलेले ३४५ फ्लश लागल्यानंतर सरासरी त्याच्या खिशातून यायला हवेत.

सरासरी हा शब्द महत्त्वाचा. एकदा ८०० मिळाले आणि तीनदा शून्य, तर सरासरी २००च. आणि टेबलावर तिसरं बदाम पडलेलं सगळ्यांनाच दिसतं. बऱ्यापैकी खेळणारा माणूस एक्का-राजा घेऊन बसला असेल तरी तिसरं बदाम आलं की चेक करतो, आणि तुम्ही मोठं लावलंत की फोल्ड करतो. दोन जोड्या झालेल्या असतील किंवा एकदा पैसे लावल्यावर मागे हटायचं नाही असा स्वभाव असेल, तर मात्र ३४५ सहज निघतात. तुम्ही त्याच्यानंतर बोलणार असाल तर ते आणखी सोपं, कारण तो काय करतो ते पाहून किती लावायचं हे तुम्ही ठरवता. थोडक्यात, भरपूर चिप्स शिल्लक असताना हा कॉल त्या माणसावर अवलंबून आहे.

आता तुमच्या दोन्ही मित्रांनी न पाहिलेली गोष्ट. तुमच्या नऊही आऊट्स खऱ्या आहेत असं दोघांनी धरलंय. समोरच्याच्या हातात फक्त राजाची जोडी असेल तर ते बरोबर. पण त्याच्याकडे दोन राजे असतील, म्हणजे टेबलावरचा धरून तीन राजांचा त्याचा सेट झाला असेल, तर बदाम चौकी तुम्हाला फ्लश देते आणि त्याला फ्लशहून मोठं फुल हाऊस. फ्लश लागल्यावरही पुढच्या पानाने टेबलावर जोडी जमून त्याचं फुल हाऊस होऊ शकतं आणि तो जिंकतो. हा हिशेब पूर्ण मांडला तर दोन्ही पानं बघूनही तुमचे ३५ टक्के उतरून २५ च्या आसपास येतात. आणि त्याच्याकडे एक्क्यासारखं मोठं पान धरून दोन बदामं असतील, तर ज्या पानाची तुम्ही वाट पाहताय तेच पान तुम्हाला सगळ्यात महाग पडेल. बदाम एक्का तुमच्याच हातात असता तर ही दुसरी भीती उरली नसती; नव्वी-अठ्ठीच्या फ्लशला ती कायम असते. तो सेटवर आहे की ड्रॉवर हे आधी कळत नाही, म्हणून माझी सवय अशी: छोट्या फ्लश ड्रॉला नऊऐवजी आठ आऊट्स धरायच्या. फार शास्त्रीय नाही, पण सीमेवरचे कॉल आपोआप गळून जातात.

(गोव्याला कॅसिनोत खेळणार असाल तर रेक, म्हणजे कॅसिनो पॉटमधून घेतो तो वाटा, तोही धरा. समजा पॉटमधून ५ टक्के कापून घेतले, तर ७०० चे ६६५ होतात आणि २८.५ ऐवजी ३० टक्के लागतात. घरी मित्रांबरोबर हा प्रश्न नाही.)

राहिला मधला प्रकार, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो वारंवार येतो. समजा २०० लावल्यावर समोरच्याकडे फक्त १५० उरल्यात. मग टर्नला तो जास्तीत जास्त तेवढ्याच लावू शकतो, आणि १००० च्या पॉटसाठी १५० म्हणजे १५ टक्के, तुमच्या साडेएकोणीसपेक्षा कमी. म्हणजे टर्न चुकली तरी तुम्ही कॉल करणार. तेव्हा फ्लॉपलाच दोन्ही रकमा एकत्र धरा: ३५० देऊन १००० चा पॉट, लागतात बरोबर ३५ टक्के, आणि नऊ आऊट्सचे मिळतात ३५. ना नफा ना तोटा. त्यात छोट्या फ्लशची भीती मिळवली की मी फोल्ड करतो. १५० ऐवजी ५० उरल्या असत्या तर २५० देऊन ८०० चा पॉट, ३१ टक्के. तिथे मी कॉल करेन.

तुमच्या डावात, समोरचा अनोळखी असता तर मी फोल्ड केलं असतं. राजाची जोडी काही केल्या न सोडणारा तुमचाच एखादा मित्र असेल आणि तुम्ही त्याच्यानंतर बोलणार असाल, तर कॉल.