चिकनचा ओटा, ब्लीच आणि व्हिनेगर

प्रश्न: चिकन कापल्यावर ओटा आणि पाट ब्लीचने पुसते. किती पाण्यात किती घालायचं? सोबत थोडं व्हिनेगर घातलं तर जंतू लवकर मरतील ना? की सरळ फिनेल वापरू?

व्हिनेगर अजिबात घालू नका. फिनेल ओट्यावर नको, ते फरशीसाठी आहे. उलट्या-जुलाबांची साथ घरात नसेल तर ब्लीच तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी लागतं.

आधी बाटली उलटी करून लेबल वाचा. 'सोडियम हायपोक्लोराईट' हा शब्द आणि त्यापुढची टक्केवारी बघा. रंगीत कपड्यांसाठीच्या 'ब्लीच'मध्ये बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साईड असतं, त्याला खालचं माप लागू नाही. सुवासिक किंवा घट्ट जेलसारखं ब्लीचही ओट्यासाठी घेऊ नका.

समजा लेबलवर ४ टक्के लिहिलंय. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ४०,००० मिलिग्रॅम. अन्न ठेवायच्या पृष्ठभागाला लिटरमागे २०० मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे २०० पट पातळ करायचं: १ लिटर पाण्यात ५ मिली. औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या झाकणातली ५ मिलीची रेघ चालेल, पण ते झाकण पुन्हा औषधाला वापरायचं नाही. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर ४ मिली. 'एक बूच' हे माप मात्र विसरा, प्रत्येक बाटलीचं बूच वेगळं असतं. पाणी गार घ्या, गरम पाण्यात हायपोक्लोराईट लवकर विघटित होतं. आधी पाणी, मग ब्लीच, म्हणजे शिंतोडे डोळ्यात उडत नाहीत.

हे द्रावण रोजचं रोज करा. मूळ बाटलीही कायमची नसते. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली तर काही महिन्यांतच तिचा जोर उतरतो, आणि वास येत राहतो म्हणून माणूस फसतो. वास हे ताकदीचं माप नाही. विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर ओट्याला वापरू नका. तिचा चुन्यासारखा गाळ राहतो आणि ओल लागली की तिचं क्लोरीन उडून जातं.

आता खरी चूक होते ती इथे. चिकनचं रक्त आणि चरबी ओट्यावर असतानाच ब्लीचचं पाणी ओतलं जातं. क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी भिडतं, त्याला जंतू आणि चरबीत फरक कळत नाही. पाच मिली ब्लीच चरबीतच संपलं तर जंतूंसाठी उरतं काय? म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने घासा, साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा, मग ब्लीचच्या पाण्यात फडकं बुडवून ओटा आणि पाट नीट ओले करा. फवारू नका, तुषार नाकात जातात. (चिकन नळाखाली धुण्याची सवयही सोडता आली तर बघा, शिंतोडे पार बाजूच्या भांड्यांपर्यंत जातात.)

मग थांबा. हे थांबणंच बहुतेकजण गाळतात. पुसलं आणि लगेच कोरडं केलं, तर ते निर्जंतुक नाही, नुसतं ओलं करून सुकवलेलं असतं. या मापाला पृष्ठभाग किमान १ मिनिट ओला दिसत राहिला पाहिजे; २ मिनिटं धरलीत तर निर्धास्त. मे महिन्यात पंख्याखाली पातळ थर बघता बघता सुकतो, मग परत फडकं फिरवायचं. नंतर वाऱ्यावर सुकू द्या, मळक्या फडक्याने पुसू नका. स्टीलचं सिंक मात्र शेवटी साध्या पाण्याने धुवा, नाहीतर त्यावर बारीक खड्डे पडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना ब्लीच लावूच नका. पाटावर सुरीच्या खोल चिरा पडल्या असतील तर त्यात ब्लीच नीट पोचत नाही. असा पाट मांसासाठी बाद करा.

घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील तर हिशोब बदलतो, कारण नोरोव्हायरससारखे विषाणू चिवट असतात. तेव्हा ४ टक्क्यांचं ब्लीच १ लिटरला २५ मिली, किमान ५ मिनिटं, आणि जिथे अन्न ठेवता तिथे नंतर साध्या पाण्याने धुणं आवश्यक.

ब्लीचऐवजी बेन्झाल्कोनियम क्लोराईडचं लिक्विड असेल तर थांबायचा वेळ लेबलवरचाच पाळा, काहींना १० मिनिटं लागतात. ते साबणाच्या पाण्यात मिसळू नका. त्याचा रेणू धनभारित, साबणाचा ऋणभारित. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि जंतू तसेच राहतात.

व्हिनेगरची तुमची शंका अगदीच निराधार नाही. बाटलीतलं ब्लीच टिकावं म्हणून मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेलं असतं. त्यात आम्ल गेलं की हायपोक्लोरस आम्ल वाढतं आणि ते जंतूंवर खरोखरच जास्त प्रभावी असतं. अडचण अशी की आम्ल आणखी थोडं वाढलं की तेच क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतं:

```
NaOCl + 2HCl → NaCl + H2O + Cl2
```

ही सीमा घरात चमच्याच्या मापाने सांभाळता येत नाही. शिवाय कडाप्प्याचा ओटा असेल तर व्हिनेगरने त्याची झिलई जाते.

घरात हा अपघात बहुधा मुद्दाम मिसळून होत नाही, एकामागून एक वापरल्याने होतो. बोअरच्या पाण्याने नळावर आणि सिंकमध्ये पांढरे क्षार बसतात. ते काढायला कुणी संडास धुवायचं लिक्विड ओततं. त्यात साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असू शकतं. डाग गेले, वरून पाणी मारलं, मग 'आता जंतू' म्हणून ब्लीच. पण सिंकखालच्या वाकड्या पाइपात आम्ल साचून राहिलेलं असतं आणि वायू तिथूनच वर येतो. चिंच-लिंबाने पितळ घासून लगेच त्याच सिंकमध्ये ब्लीच ओतणंही याच जातीचं. काचा पुसायच्या काही लिक्विडांत अमोनिया असतो, त्याच्याशी ब्लीच मिसळलं तर क्लोरामाईनचे वायू निघतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझरही ब्लीचपासून लांबच.

पोहण्याच्या तलावासारखा वास एकदम उग्र झाला, डोळे चुरचुरले, घसा धरला, खोकला सुरू झाला, की हातातलं तिथेच टाकून बाहेर पडा. त्यावर सोडा किंवा आणखी काही ओतायला परत जाऊ नका. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, त्यामुळे खाली खेळणारं मूल आधी उचला. वाटेत खिडकी असेल तर उघडा. बाहेर आल्यावर डोळे साध्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. खोकला थांबत नसेल, छातीत आवळल्यासारखं वाटत असेल किंवा आधीच दमा असेल तर दवाखान्यात जा आणि काय मिसळलं ते सांगा. श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून 'आता बरं वाटतंय' एवढ्यावर त्या माणसाला रात्री एकटं झोपू देऊ नका.

आम्लाचं काम आणि ब्लीचचं काम वेगवेगळ्या दिवशी ठेवा, आणि मधे सिंकमध्ये दोन बादल्या पाणी सोडा.