पहिली रात्र आणि चादरीवरचा डाग

लग्नसराई जवळ आली की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र उत्तरं देते.

लग्नाच्या तारखेलाच पाळी येणार आहे. मेडिकलमधून गोळी आणून पुढे ढकलली तर चालेल?

परस्पर नको. पूर्वी रक्ताची गुठळी किंवा यकृताचा त्रास झालेला असेल तर ही गोळी धोक्याची आहे. ती पाळीच्या साधारण ३ दिवस आधी सुरू करावी लागते, तेव्हा डॉक्टरांना वेळेवर भेटा.

मित्राने पहिल्या रात्रीसाठी ‘पॉवरची गोळी’ दिली आहे. घेऊ का?

घेऊ नका. धास्तीमुळे त्या रात्री ताठरता न येणं हा आजार नाही. काही आठवडे तसंच राहिलं तर तपासून घ्या.

मी शाळेत कबड्डी खेळायचे. रक्त आलं नाही तर नवऱ्याला काय सांगू?

कबड्डीचं कारण सांगूच नका. कारण दिलंत की ती परीक्षा तुम्ही मान्य केलीत. योनिपटल म्हणजे दार बंद करणारा पडदा नव्हे. ती योनीच्या तोंडाशी असलेली पातळ घडी असते, तिला जन्मापासूनच वाट असते. नाहीतर पाळीचं रक्त बाहेर आलं असतं कुठून? ती ताणली जाते, म्हणून अनेकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही. आलं तरी बऱ्याचदा घाई आणि कोरडेपणामुळे बारीक चीर पडलेली असते. तो डाग पूर्वायुष्याबद्दल काहीच सांगत नाही.

कौमार्य ठरवणारी तपासणी कुठल्याही डॉक्टरकडे नाही. चादर दाखवायच्या प्रथेविरुद्ध २०१८ मध्ये कंजारभाट समाजातलीच तरुण मुलंमुली उभी राहिली, ती उगाच नव्हे. आणि खोट्या रक्ताच्या कॅप्सूल, पटल शिवून देणाऱ्या जाहिराती? तुमच्या भीतीवर चाललेला धंदा आहे तो. मात्र रक्त थांबत नसेल, तासाभरात पॅड भिजत असेल, तर लाजत सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

चहापोह्यांनंतर आम्ही दोनदाच भेटलो. पहिल्या रात्री तिच्याशी काय बोलू?

सत्यनारायण आटोपेपर्यंत दोघंही थकलेली असतात. “मलाही धास्ती वाटतेय, आज नुसत्या गप्पा मारूया का?” एवढंच विचारा. ती गप्प राहिली तर तो होकार समजू नका. मूल कधी हवं, तोवर कुठलं साधन वापरायचं, हेही जवळ येण्याआधी बोला.

माझ्याकडे एक जोडपं लग्नानंतर ११ महिन्यांनी आलं. जवळ येताच तिच्या मांड्या घट्ट आवळल्या जायच्या. त्याला वाटे, मी तिला आवडत नाही. तिला वाटे, हा आता माहेरी धाडणार. घरात ‘गोड बातमी’ची चौकशी सुरूच. तिचे योनीभोवतीचे स्नायू भीतीने आपोआप आखडत होते, ती मुद्दाम करत नव्हती. आधी संबंधांचा प्रयत्न पूर्ण थांबवला. मग श्वास सोडत स्नायू सैल करायला शिकवलं. पुढे तिने स्वतःच्या बोटाने, तिच्या गतीने सराव केला. ४ महिन्यांनी त्रास गेला. दर वेळी दुखत असेल, आत प्रवेशच होत नसेल, तर महिन्याभरात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे या, आणि दोघंही या. सासूबाईंना बाहेर बसू द्या.