शब्द तोच, अर्थ दुसरा

प्रश्न: मित्र म्हणतो, ‘निसर्गात नियम आहेत, नियमाला कर्ता लागतो, म्हणून निसर्गालाही कर्ता आहे.’ चूक नेमकी कुठे शोधू?

उत्तर: ‘नियम’ शब्द खोडा आणि प्रत्येक वाक्यात त्याजागी पूर्ण अर्थ लिहा. पहिल्या वाक्यात नियम म्हणजे ‘नेहमी असंच घडतं’ हे निरीक्षण: हातातून सुटलेला दगड खाली पडतो. दुसऱ्यात तो कुणीतरी घालून दिलेला दंडक आहे, जो मोडताही येतो (दगडाला ती सोय नाही). आता दोन्हीकडे एकच अर्थ घालून पाहा. निरीक्षण घेतलं, तर त्याला कर्ता का लागावा हे सिद्ध करायचं राहतं. दंडक घेतला, तर पहिलं वाक्यच वादात सापडतं. न्यायसूत्रं या प्राचीन तर्कशास्त्राच्या ग्रंथातलं ‘वाक्छल’, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा त्याला अभिप्रेत नसलेला दुसराच अर्थ घेणं, याच प्रकारचं. मात्र यातून फक्त हा युक्तिवाद पडतो, निष्कर्ष खोटा ठरत नाही.