वॉर्प हात टेकेपर्यंतच

प्रश्न: अनरियलमध्ये एकच मँटल क्लिप १७० ते २३० सेंटीमीटरच्या कडांसाठी वापरतोय. मोशन वॉर्पिंग लावलंय, कॅरेक्टर वर पोचतो, पण हात कधी भिंतीत घुसतात तर कधी हवेत राहतात. `Scale` वापरू की `Skew Warp`? की शेवटी आयकेच लावावं लागेल?

`Skew Warp` वापरा. पण नुसतं तेवढ्याने हात जागेवर येणार नाहीत. तुम्ही वॉर्पची विंडो अख्ख्या क्लिपवर ओढली असणार, खरी चूक तिथे आहे. हे मी इतक्या खात्रीने लिहितोय कारण आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं आणि त्यावरून लीडशी माझा दोन महिने वाद चालला होता. त्याचं एकच म्हणणं, "हात घसरतायत ना? मग आयके लाव." माझं म्हणणं होतं की हात घसरतायत म्हणजे रूट चुकीच्या उंचीवर आहे, आणि रूटची चूक हातावर निस्तरायची नसते.

आमची क्लिप २०० सेंटीमीटरच्या कडेसाठी बनवली होती. ३० एफपीएस, एकूण ५४ फ्रेम. सहाव्या फ्रेमला पाय जमीन सोडतात, सोळाव्या फ्रेमला तळवे कडेवर टेकतात, तिथून पुढे अंग वर ओढून घ्यायचं आणि चोपन्नाव्या फ्रेमला तो वर उभा. तळवे टेकतात तेव्हा रूट, म्हणजे पावलांची पातळी, जमिनीपासून ६० वर. म्हणजे तळवे पावलांपासून १४० वर. हा १४० चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

लीडने विंडो सहा ते चोपन्न अशी ठेवली होती आणि टार्गेट कडेच्या वर, जिथे शेवटी पाय येणार तिथे. आता कड २३० ची घ्या. क्लिपमध्ये रूट २०० चढतो, आपल्याला २३० हवेत, म्हणून प्रत्येक फ्रेमची उंची १.१५ ने गुणली जाते. सोळाव्या फ्रेमला रूट ६० ऐवजी ६९ वर. तळवे १४० अजून वर, म्हणजे २०९ वर. कड आहे २३० वर. तळवे कडेच्या २१ सेंटीमीटर खाली, भिंतीच्या पोटात टेकले. आता कड १७० ची घ्या. गुणक ०.८५, रूट ५१ वर, तळवे १९१ वर. कडेच्या वर २१ सेंटीमीटर हवेत. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं यात आली. शेवटच्या फ्रेमला मात्र सगळं बरोबर दिसतं, कारण तोवर हिशोब पुरा झालेला असतो. म्हणून डेमोत कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर आयके लावलं की काय होतं, तेही पाहिलंय. २१ सेंटीमीटर वर ओढलेला हात म्हणजे कोपर ताठ आणि खांदा कानाशी. उलट बाजूला तळवा खाली दाबला की कोपर भलतीकडे वळतं. शिवाय रूट ज्या वेगाने चढतो तो क्लिपमधल्या वेगाशी जुळत नाही, त्यामुळे आयकेचं अंतर दर फ्रेमला बदलतं आणि टेकलेल्या हाताखाली सगळं अंग तरंगल्यासारखं वाटतं. लीडला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि सांगूनही कुणी ऐकत नव्हतं याचा राग अजून आहे.

शेवटी एका रविवारी मी आणि आमची अ‍ॅनिमेटर तिच्या सोसायटीत गेलो. तिथल्या कंपाउंडच्या भिंतीला लागून उताराची गल्ली आहे. भिंतीचा माथा एका पातळीत, खालची जमीन मात्र उतरत गेलेली, त्यामुळे एकाच भिंतीला हव्या त्या उंच्या मिळतात. खडूने तीन जागा आखल्या, १३०, १५० आणि १७०. मी चढायचो, ती मोबाइलवर बाजूने शूट करायची. मग तिने तिन्ही व्हिडिओ एकावर एक ठेवले, पण जमीन न जुळवता तळवा जुळवून. तळवा भिंतीवर टेकल्यापासून पुढे तिन्ही वेळा माझं अंग जवळजवळ सारखंच वर गेलं होतं. कोपर तसंच वाकलेलं, गुडघा तसाच वर आलेला, कंबर त्याच वाटेने. फरक सगळा टेकण्याच्या आधी होता. १३० ला उडी नावापुरती, १७० ला चांगलीच मोठी.

विचार केला तर हे असंच असणार. तळवा एकदा टेकला की अंगाला जमीन किती खाली आहे याच्याशी देणंघेणं उरत नाही. तिथून वर उभं राहायला १४० सेंटीमीटरच लागतात, कड १७० ची असो की २३० ची. म्हणून उंचीचा सगळा फरक सहा ते सोळा या दहा फ्रेममध्येच संपवायचा. सोळा नंतर वॉर्प नको, क्लिप जशी आहे तशी चालू द्यायची.

म्हणजे विंडो सहा ते सोळा, आणि टार्गेट कडेवर नाही. कंपोनंट कॅरेक्टरच्या पावलांची जागा टार्गेटशी जुळवतो, म्हणून टार्गेट म्हणजे तळवे टेकतात त्या क्षणी पावलं जिथे हवीत ती जागा. कडेच्या बिंदूपासून १४० खाली आणि भिंतीपासून क्लिपमध्ये त्या फ्रेमला जेवढं अंतर आहे तेवढं मागे. आमच्या क्लिपमध्ये ते ३५ होतं.

```cpp
FVector Feet = LedgeTop + WallNormal * 35.f;
Feet.Z -= 140.f;
MotionWarping->AddOrUpdateWarpTargetFromLocationAndRotation(
    TEXT("HandContact"), Feet, (-WallNormal).Rotation());
```

हे मोंटाज सुरू करायच्या आधी. नोटिफायमध्येही टार्गेटचं नाव हेच. आता २३० च्या कडेला रूट सोळाव्या फ्रेमला ९० वर हवा, क्लिपमध्ये ६० आहे, गुणक १.५. तळवे ९० अधिक १४०, बरोबर २३०. १७० च्या कडेला गुणक ०.५, रूट ३० वर, तळवे १७० वर. शेवटी उभं राहणंही आपोआप कडेच्या पातळीवर येतं, कारण वरचे १४० न बदलता जोडले जातात.

`Scale` का नको, हे थोडक्यात. तो ठरलेल्या आकड्याने गुणतो, त्याला टार्गेट माहीत नसतं. `Skew Warp` दर फ्रेमला टार्गेटपर्यंत किती उरलं आणि क्लिपमध्ये विंडो संपेपर्यंत किती हालचाल उरली ते बघून गुणतो, आणि दिशा वेगळी असेल तर ती वाट तिरकीही करतो. कॅरेक्टर भिंतीपासून थोडा जास्त लांबून निघाला तरी त्यात भागतं.

आम्ही हे सगळं करूनही पहिल्या दिवशी कॅरेक्टर एका झटक्यात वर उडाला. लीडला वाटलं त्याचंच खरं ठरलं. कारण वेगळं होतं. वर दिलेला रूटचा ६० हा आकडा दुरुस्तीनंतरचा आहे. तेव्हा क्लिपमध्ये कंबर वर जात होती, पण रूटचं हाड सोळाव्या फ्रेमपर्यंत जमिनीलाच चिकटलेलं, जेमतेम ४ सेंटीमीटर वर. चारचे नव्वद करायचे म्हणजे साडेबावीस पट. गुणायला मुळात हालचालच नसेल तर वॉर्प तरी काय करणार? अ‍ॅनिमेटरने रूट पुन्हा की केला, पाय सुटल्यापासून कंबरेसोबत चढत सोळाव्या फ्रेमला ६० वर, आणि कंबरेची हालचाल तेवढीच वजा केली. दिसायला क्लिप तीच राहिली, फक्त चढण रूटवर आली. तुमच्याकडे कॅरेक्टर विंडोच्या एखाद्याच फ्रेमला उसळत असेल तर आधी रूटचा झेड कर्व्ह उघडून बघा.

अजून एक गोष्ट, जी मला लीडला कधीच पटवता आली नाही. उंची दीडपट आणि वेळ तेवढाच, म्हणजे उडी दोरीने वर खेचल्यासारखी वाटते. उडीची उंची वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून उंची दीडपट तर वेळ वर्गमूळ दीडपट, साधारण १.२२. त्या दहा फ्रेमपुरता प्ले रेट ०.८२ करा, हात टेकले की परत १. ठरावीक उंचीची मोजणी यात बिघडत नाही, कारण वॉर्प मोंटाजच्या जागेवरून मोजतो, घड्याळावरून नाही. खालच्या कडेला ०.५ गुणकासाठी हाच हिशोब १.४१ देतो. मी तिथे १.२५ वरच थांबतो, नाहीतर चढणं घाईचं दिसतं.

आता अटी. तुमच्या उंच्या १७० ते २३० म्हणूनच एका क्लिपमध्ये भागतंय. कड १४० ची झाली की रूटला चढायला काहीच उरत नाही, आणि १२० ला टार्गेट जमिनीच्या २० खाली जातं. तिथे दुसरी क्लिप लागतेच. मी गुणक ०.५ ते १.५ च्या बाहेर जाऊ देत नाही. मँटल चालू असेपर्यंत मूव्हमेंट मोड `MOVE_Flying` ठेवा, कारण वॉकिंगमध्ये रूट मोशनची उभी हालचाल धरलीच जात नाही. संपल्यावर परत वॉकिंग. कॅप्सूल कडेला अडकत असेल तर तेवढ्यापुरतं भिंतीशी कोलिजन बंद करा, नाहीतर टार्गेट बरोबर असूनही रूट खाली राहतो आणि तुम्ही वॉर्पला दोष देत बसता. आणि हे सगळं मँटलचं झालं. व्हॉल्टमध्ये पलीकडे उतरायचं असतं, तिथे हात सुटल्यापासून पाय टेकेपर्यंत दुसरी विंडो आणि पलीकडच्या जमिनीचं दुसरं टार्गेट लागतं. मधला, हात टेकलेला तुकडा तिथेही तसाच ठेवायचा.

आयके मी पूर्ण काढलेलं नाही. कडेचा दगड ओबडधोबड असेल तर दोन-तीन सेंटीमीटरसाठी ते हवंच. पण ते शेवटी. आधी `a.MotionWarping.Debug 3` लावा, आयके बंद करा, आणि तळवे टेकतात त्या फ्रेमला खेळ थांबवून बाजूने कॅमेरा आणा. १७०, २०० आणि २३० या तिन्ही कडांवर तळवा कडेवरच दिसला पाहिजे. तुमच्याकडेही कुणी "आयके लाव" म्हणत असेल तर त्याला याच तीन फ्रेम शेजारी शेजारी लावून दाखवा. मी तेव्हा नुसतं बोलत राहिलो, फ्रेम दाखवल्या नाहीत, म्हणून दोन महिने गेले.